छोट्या पॅकातला टीव्ही

माझ्या आईने दीड वर्ष रंगीत टीव्हीवर काळंपांढरं चित्र पाहिलं आणि त्याचं कारण मी होतो. हे मी आजवर घरात कोणाला नीट सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे.

आई कुहीला राहायची, मी नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये. मधलं अंतर सव्वा तासाचं. सव्वा तास म्हणजे काही परदेश नव्हे, पण महिन्यातून एकदा जाणं व्हायचं, कधी दोन महिन्यांतून. वडील गेल्यावर मी तिला म्हटलं होतं, चल माझ्याकडे. ती म्हणाली, "तिकडं येऊन काय करू गा? इथं माह्या ओळखीचे लोक आहेत, टीव्ही आहे."

टीव्ही वडिलांनी घेतलेला. मागे भलंमोठं पोट असलेला, जुन्या काचेच्या नळीचा. नागपूरच्या महाल भागातल्या एका दुकानातून घेतला, तेव्हा मीही सोबत होतो. दुकानापासून बसस्टँडपर्यंत सायकलरिक्षात खोकं मध्ये, वडील एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. बसमध्ये वडिलांनी ते मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, वर टाका ना टपावर." वडील म्हणाले, "लेकराले टपावर टाकता का तुम्ही?" सगळी बस हसली. कुही येईस्तोवर त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, पण खोकं त्यांनी मला धरू दिलं नाही.

त्या टीव्हीला वडील रंग फार चढवून ठेवायचे. माणसांचे गाल लाल व्हायचे, झाडं हिरवीकंच. आई म्हणायची, "कमी करा थोडा, बायका गुलाल लावल्यासारख्या दिसून राहिल्या." वडील म्हणायचे, "रंगाचे पैसे देल्ले आहेत आपण." हे वाक्य घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच असावं, असं मला आता वाटतं.

छतावर छत्री होती आणि टीव्हीजवळ सेट-टॉप बॉक्स. तो सगळा कारभार माझ्या मोबाईल नंबरवर. पॅक मीच निवडायचो, रिचार्ज मीच करायचो. एके वर्षी आईचा बॉक्स बंद पडला. मी नुकताच माझ्या घरी नवा बॉक्स घेतला होता, त्यामुळे माझा जुना, त्याच कंपनीचा बॉक्स पडून होता. कंपनीला फोन करून आईचं कार्ड त्याला जोडून घेतलं आणि तो बॉक्स आईकडे न्यायचं ठरवलं. त्याच बैठकीत मी आणखी एक काम केलं. तिच्या पॅकमधले चॅनल पाहिले, बरेचसे ती पाहतच नाही असं मीच ठरवलं आणि पॅक लहान केला. फोनवर तिला सांगितलंही, "आई, तुझा पॅक छोटा केला आहे, तुला लागतात ते चॅनल आहेत." ती म्हणाली, "बरं केलं."

मला पैशाची अडचण नव्हती. त्या महिन्यात मी स्वतःसाठी मोठा पॅक घेतला होता.

बॉक्स घेऊन गेलो त्या दिवशी कुहीत लाइट नव्हती. संध्याकाळी नागपुरात साडूच्या मुलीचं रिसेप्शन होतं, त्यामुळे माझं लक्ष घड्याळाकडे. छत्रीची वायर मागे फिरवून घट्ट केली, पिवळी आणि पांढरी पिन टीव्हीच्या पाठीत खोचली, आईला रिमोट दाखवला. "मेनूचं बटण चालत नाही, पोरांनी दाबून दाबून बसवून टाकलं आहे. पण तुला ते लागतच नाही."

"लाइट अर्ध्या तासात येते," आई म्हणाली. "चहा घे, मग चालू करून पाहून जा."

"यात पाहायचं काही नाही वं आई. लाइट आली की आपोआप चालू होईल."

दुसऱ्या दिवशी फोन केला. "चालू झाला?"

"झाला."

मी आणखी काही विचारलं नाही.

आता जे मला नंतर कळलं ते सांगतो. हा बॉक्स माझ्याकडे असताना ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं की सेटिंगमध्ये जाऊन पन्नासच्या जागी साठ करा, क्रिकेट अधिक सुरेख दिसतं. मी केलं. सुरेख दिसलं की नाही आठवत नाही, पण माझा टीव्ही नवा आणि चपटा, त्याला पन्नास काय नि साठ काय, दोन्ही चालायचं. ते सेटिंग तसंच बॉक्सच्या पोटात राहिलं. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल नावाच्या पद्धतीचे, सेकंदाला पन्नास वेळा पडदा भरणारे. बॉक्सला साठ सांगितलं की त्याच्या पिवळ्या पिनेतून एनटीएससी नावाची दुसरी पद्धत बाहेर पडते. तिच्यात रंग वेगळ्या तऱ्हेने बांधलेला असतो. वडिलांच्या टीव्हीला तो सोडवता येत नव्हता. उजेड आणि सावली तेवढी कळायची.

आणि चित्र उभं राहायचं नाही. पहिले काही दिवस ते भराभर वर सरकत राहायचं. आई टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडायची आणि नुसतं ऐकायची. मग तिने बसस्टँडजवळच्या टीव्ही मेकॅनिकला बोलावलं. वडील त्याचे मास्तर होते. त्याने टीव्हीच्या पाठीमागच्या भोकात पेचकस घालून चित्राचा सरकण्याचा वेग जुळवला. त्याला व्ही-होल्ड म्हणतात. चित्र थांबलं. वरखाली काळ्या पट्ट्या आल्या, माणसं जराशी बुटकी झाली, रंग मात्र आला नाही.

मेकॅनिक तिला म्हणाला होता, "बाई, टीव्ही चांगला आहे. डब्ब्यातून जे येऊन राहिलं तेच तो दाखवून राहिला. मेनूत जाऊन बदलता येते, पण या रिमोटचं बटणच गेलं. तुमच्या पोराले विचारा, सगळं त्याच्याच हातात आहे."

त्याने अगदी बरोबर सांगितलं होतं. आईने मात्र ते मला विचारलं नाही.

मी जायचो तेव्हा टीव्हीवर कव्हर असायचं. तिने स्वतः भरतकाम केलेलं, दोन पोपटांचं. मला वाटायचं धूळ बसू नये म्हणून. मी जेवायचो, मोबाईल पाहायचो, तिच्या गुडघ्याच्या गोळ्यांची चौकशी करायचो आणि उजेड असतानाच निघायचो. दीड वर्षात त्या पोपटांच्या मागे काय आहे हे मी एकदाही पाहिलं नाही.

आमचं घर बौद्ध. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासूनचं. आई कुहीहून आदल्या दिवशी यायची, पांढरं लुगडं, पिशवीत भाकरी, आणि गर्दीत माझं मनगट एवढं घट्ट धरायची की वळ उठायचे. गुडघे गेल्यावर तिचं येणं अवघड झालं. त्या वर्षी मी म्हटलं होतं, गाडी करून आणतो, आपण पहाटेच जाऊ. मग आमच्या कॉलनीतल्या मंडळींनी तिथे जेवणाचा स्टॉल लावायचं ठरवलं, माझ्याकडे भाजीचं काम आलं, आणि गाडी राहून गेली. तिला सांगितलं, "आई, टीव्हीवर दाखवतात दिवसभर. मीपण दिसेन, स्टॉलवर आहे. निळा शर्ट घालतो, पाहा सापडतो का."

दसऱ्याच्या रात्री तिने फोन उचलला तेव्हा मी उत्साहात विचारलं, "दिसलो का गं?"

"लई लोक होते बाबू."

"निळा शर्ट होता ना माझा."

ती म्हणाली, "सगळ्यायचेच शर्ट सारखे दिसते त्याच्यात."

मला वाटलं, म्हातारपण. डोळे दाखवायला हवेत. डायरीत लिहूनही ठेवलं: आईचे डोळे.

पुढच्या रविवारी गेलो तो डॉक्टरांची वेळ घेऊन. शेजारीण दळण घेऊन आली होती, आई तिच्याशी अंगणात बोलत होती. माझ्या मोबाईलला रेंज नव्हती. बातम्या पाहाव्यात म्हणून मी कव्हर बाजूला केलं आणि टीव्ही लावला.

पाहिलं आणि आधी मला वाटलं, जुनं काहीतरी दाखवत आहेत. चॅनल बदलला. दुसऱ्यावरही तेच. जाहिरातीतली साबणाची वडी राखाडी, बातम्या देणारी बाई राखाडी, पावसाचा नकाशा राखाडी. वरखाली काळ्या पट्ट्या. मी सगळे चॅनल फिरलो, चाळीस-पन्नास, एकामागून एक.

आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव होता. चोरी माझी, आणि पकडली गेली ती.

"कधीपासून आहे वं हे?"

"डब्बा आणला तूनं, तवापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू त्याच्यात?" तिने माझ्या हातून रिमोट घेतला आणि आवाज कमी केला. "तूनच तं सांगतलं होतं, छोटा पॅक केला मनून. रंग मोठ्या पॅकात असन. मले काय करायचं गा रंगाचं? आवाज येते, बातम्या समजते. तुह्या मांगं लेकरायचं शिक्षण आहे, घराचा हप्ता आहे."

मी म्हटलं, "आई, रंगाचा असा पॅक नसतो."

"कसा नसन? तुह्या बापानं नाही का रंगाचे वेगळे पैसे देल्ले होते?"

शेजारीण दळणाचा डबा कडेवर घेऊन आत आली होती. ती म्हणाली, "मी तं म्हणत होती बाईले, पोराले फोन करा, दे म्हणा थोडा रंग. तं मले म्हणे, वं बाई, तो काय रंगारी आहे?" आणि दोघी हसल्या. आईसुद्धा हसली. मला हसू आलं नाही, म्हणून तिने हसणं लगेच थांबवलं.

मेकॅनिक रविवारीही दुकानात होता. मी सांगितलं तसं त्याने मान हलवली. "मी बाईले मागंच म्हटलं होतं, तुम्हाले विचारा मनून. मले वाटलं तुम्हाले वेळ नसन." त्याच्या बोलण्यात टोमणा होता की नाही, मला ठरवता आलं नाही. त्याने खोक्यातून त्या बॉक्सला चालणारा नवा रिमोट शोधला आणि पेचकस खिशात घालून माझ्या गाडीवर मागे बसला.

मेनू उघडला. काळ्यापांढऱ्या चित्रात मेनूही काळापांढरा. सेटिंग, मग व्हिडिओ, आणि तिथे माझ्याच हाताने लावलेलं साठ. "हे," मेकॅनिक म्हणाला. "तुमच्या घरचा टीव्ही काहीबी ओळखून घेते, त्याच्यात ऑटो असते. हा गुरुजीचा टीव्ही, याले एकच समजते. पाल करा, पन्नासवर."

मी पाल केलं.

पडद्यावर एकदम रंग आला, आणि त्याच क्षणी सगळं चित्र वरून खाली धावू लागलं. लाल, हिरवं, पिवळं, एकावर एक घरंगळत. कोणाचं डोकं, कोणाचे पाय, मधून काळी पट्टी. आई घाबरून उठली. "राहू दे बाबू, राहू दे. होतं तेच बरं होतं. बापाचा टीव्ही बिघडवशीन."

खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं की मी तोही मोडला.

"बसा बाई, काही नाही होत," मेकॅनिक म्हणाला. "चित्र साठनं येत होतं तं मी टीव्हीले साठच्या चालीवर धरून ठेवलं होतं. आता चित्र पन्नासवर आलं, टीव्ही अजून साठनंच पळून राहिला. त्याले मांगं आणा लागते." तो टीव्हीच्या मागे वाकला. पेचकस हळूहळू फिरवत तो विचारायचा, "आता?" मी म्हणायचो, "पळतंय." "आता?" "हळू झालं." मग चित्र रेंगाळलं, काळी पट्टी सावकाश खाली गेली आणि जागेवर बसली. माणसं पुन्हा उंच झाली. पट्ट्या गेल्या.

स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला होता. एक बाई कढईतून रस्सा वाटीत काढत होती, वर तेलाचा लाल तवंग. रंग अजून वडिलांनी ठेवला होता तेवढाच चढा होता. आई पुढे सरकली.

"तर्री पाह्य," ती म्हणाली. "केवढी लाल."

मग तिने एक चॅनल लावला, मग दुसरा, आणि प्रत्येक ठिकाणी कोणत्या बाईचं लुगडं कोणत्या रंगाचं आहे ते शेजारणीला सांगू लागली. "ही सून, हिचं मले पांढरं वाटे. हिरवं आहे वं. दीड वर्ष मी तिले विधवा समजून राहिली." शेजारणीचा डबा हसून हसून कडेवरून सुटायची वेळ आली.

निघताना आईने मला बाजूला घेतलं. "महिन्याले किती जास्त लागन आता?"

"काहीच नाही आई. पॅक तोच आहे. चूक माझी होती, मी सेटिंग तसंच ठेवून डब्बा दिला."

"हो," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिचा विश्वास बसला नव्हता. मुलाने लाजेखातर मोठा पॅक घेतला आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतो आहे, अशीच तिची समजूत झाली. नंतर मी पुष्कळदा सांगून पाहिलं, मोबाईलवर पॅकचं नाव दाखवलं. ती मान हलवायची. गल्लीत मात्र सांगायची, "माह्या पोरानं रंगाचा पॅक लावून देल्ला." लोक मला रस्त्यात थांबवून चांगलं म्हणायचे. मी एकालाही थांबवून खरं सांगितलं नाही.

घरी परतल्यावर मी तिचा पॅक खरोखरच मोठा केला. त्याचा रंगाशी काही संबंध नव्हता. तिने त्यातले चॅनल कधी पाहिले नाहीत.

खरी बोचणी पुढची आहे. पुढच्या वर्षी दसरा जवळ आला. या वेळी तिला न्यायचंच असं मी ठरवलं होतं. चाकाची खुर्ची कुठे मिळते तेही पाहून ठेवलं होतं. फोन केला तर ती म्हणाली, "काहून उगाच तरास घेतं? आता तं बरं दिसते टीव्हीवर. रंगात."

मी तिला ओळखत होतो. नाही म्हणणं ही तिची रीत होती. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा "पाहू" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की पिशवी भरायला लागायचं. वडील तिला कुठेही तीनदा विचारूनच नेत. मी एकदा विचारलं. ती नाही म्हणाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मीच दुरुस्त करून दिलेला रंग मला निमित्ताला पुरला.

दसऱ्याच्या संध्याकाळी तिने आपणहून फोन केला. "पंचशील ध्वज दिसला बाबू. पाचही रंग. निळा, पिवळा, लाल, पांढरा, भगवा. मागच्या साली सगळा एकच होता, राखेवानी." मग म्हणाली, "तुह्या बापासंगं गेली होती पहिल्यांदा, तवा असाच फडफडत होता. आवाज येते त्याचा, जवळ उभं राहिलं का. टीव्हीत तो आवाज नाही येत."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की.

"पाहू," ती म्हणाली.

पुढचा उन्हाळा तिने पूर्ण पाहिला नाही.

कुहीचं घर अजून आहे. महिन्यातून एकदा जातो, आता न चुकता. तिचा रिचार्ज मी बंद केलेला नाही, मोठाच पॅक चालू आहे. जाऊन आधी टीव्ही लावतो आणि मेनूत जाऊन ते सेटिंग पाहतो. ते पालवरच असतं, त्याला हात लावायला तिथे कोणी नाही. चित्र स्थिर येतं, रंग वडिलांनी ठेवलेला, गाल लाल, झाडं हिरवीकंच. थोडा वेळ तांदूळ निवडायच्या तिच्या जागी बसतो. शेजारीण दारातून विचारते, "काय लागलं आहे गा?" मला सांगता येत नाही, कारण मी पाहत नसतो.

निघताना टीव्ही बंद करतो. पोपटांचं कव्हर घडी घालून कपाटात ठेवलं आहे. धूळ बसते, पुसून घेतो. पण टीव्हीवर ते पुन्हा घालत नाही.